दुखतं सकाळी, पण आवळतं कधी?

*"माझं वय ४१. दीडेक वर्ष झालं, सकाळी जाग येते तीच दोन्ही कानशिलं दुखत असताना. जबडा जड, तोंड कोरडं. दहा-अकरापर्यंत ओसरतं, पण संध्याकाळी काम संपता संपता कानशिलं पुन्हा भरून येतात. काम दिवसभर कॉम्प्युटरवर, हिशेबांचं. डोळे तपासले, एमआरआय झाला, दोन्ही नॉर्मल. आठवड्यातून तीन-चार दिवस पॅरासिटामॉल घ्यावी लागते. दातांच्या डॉक्टरांनी झिजलेल्या दाढा दाखवल्या, म्हणाले, झोपेत दात खाता, झोपताना दातांवर घालायचा नाईट गार्ड करा. दुसरे म्हणाले, चावा जुळत नाही, तीन-चार दाढा घासून सारख्या करू, दोनांवर कॅप बसवू. नवरा म्हणतो, दात खाल्ल्याचा आवाज कधी आला नाही, घोरतेस मात्र. तोंड उघडताना उजव्या कानापाशी 'कट्' वाजतं. झोपेत जे होतं ते मी कसं थांबवणार? गार्ड करू की दाढा घासून घेऊ?"*

दाढा घासून घेऊ नका. सुरुवात इथूनच करते, कारण बाकीचं सगळं करून पाहता येतं आणि नाही जमलं तर सोडून देता येतं. घासलेलं एनॅमल मात्र परत येत नाही.

चावा नीट जुळत नाही म्हणून माणूस दात खातो आणि म्हणून त्याचं डोकं दुखतं, ही समजूत आमच्या व्यवसायात फार काळ होती. मीही तेच शिकून बाहेर पडले. पण झोपलेल्या माणसाच्या मेंदूची, हृदयाची आणि जबड्याच्या स्नायूंची एकाच वेळी नोंद घेता येऊ लागली तेव्हा घटनांचा क्रम वेगळाच निघाला. आधी झोप काही क्षण उथळ होते. मेंदूतल्या लहरींचा वेग वाढतो, छातीचे ठोके वाढतात, आणि मग जबडा साधारण सेकंदाला एकदा अशा लयीत आवळू लागतो. दातावर दात घासला जातो तो या सगळ्याच्या शेवटी. दाढा सपाट केल्या तरी मेंदू जे करायचं ते करणारच, फक्त आता थोड्या बुटक्या दाढांवर. त्यामुळे डोकेदुखीसाठी निरोगी दाढा घासायला किंवा त्यांच्यावर कॅप चढवायला आज आधार नाही. दाढ किडलेली असेल, तुटली असेल तर तो वेगळा प्रश्न, त्याचा उपचार जरूर करावा.

राहिली झीज. ती आयुष्यभराची बेरीज असते. तुमच्या दाढांवरची झीज विशीतली असू शकते, आंबट पेयांची असू शकते, पोटातलं आम्ल वारंवार घशाशी येत असेल तर त्याचीही असू शकते. ती पाहून 'कधीतरी दात झिजले' एवढं सांगता येतं, 'या महिन्यात रात्री दात खाल्ले जातात' हे सांगता येत नाही. २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने तीन पायऱ्या ठरवल्या. माणूस स्वतः सांगतो तेवढ्यावर दात खाण्याची नुसती शक्यता धरायची, तोंडात खुणा दिसल्या तर ती दाट मानायची, आणि यंत्राने नोंद झाली तरच निश्चित म्हणायचं. तुमच्या डॉक्टरांनी मधली पायरी पाहिली आणि वरच्या पायरीचं निदान सांगितलं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, आणि ती मला आधी तपासून पाहायची आहे. दुखणं सकाळी सापडतं म्हणून ते रात्रीच तयार झालं असणार, असं तुम्हाला वाटतं. पण संध्याकाळी काम संपता संपता कानशिलं भरून येतात, हेही तुम्हीच लिहिलं आहे. ती संध्याकाळ झोपेतून आलेली नाही.

झोपेच्या प्रयोगशाळेत जबड्याचं दुखणं असलेल्या स्त्रिया आणि ते नसलेल्या स्त्रिया यांची तुलना झाली, तेव्हा दुखणं असलेल्या स्त्रिया रात्री जास्त दात खात होत्या असं काही निघालं नाही. फरक दिसला तो दात खाण्याच्या झटक्यांच्या मधल्या वेळेत. त्यांचा जबडा झोपेतही पुरता सैल पडत नव्हता, थोडा ताण कायम राहत होता. उलट, ज्यांच्या दात खाण्याने घरच्यांची झोपमोड होते अशी कितीतरी माणसं सकाळी ठणठणीत उठतात. तेव्हा 'रात्री दात खाते की नाही' या एका प्रश्नावर सगळा भार टाकू नका.

आता बोटं दोन्ही कानशिलांवर ठेवा आणि मागचे दात एकमेकांवर हलके दाबा. बोटांखाली काहीतरी फुगून वर येईल. तो टेम्पोरॅलिस, जबडा वर ओढणारा स्नायू. पंख्यासारखा कानशिलावर पसरलेला असतो आणि खाली गालाच्या हाडाच्या आतून जाऊन खालच्या जबड्याला चिकटतो. म्हणजे आपण ज्याला डोक्याची बाजू म्हणतो ती पुष्कळशी जबड्याचीच मालमत्ता आहे. हा स्नायू थकला, दुखावला की माणूस 'जबडा दुखतो' म्हणत नाही, 'डोकं दुखतं' म्हणतो. मग तो डोळे तपासतो, एमआरआय करतो, आणि दोन्ही नॉर्मल निघतात.

डोकं दुखत नसताना एक चाचणी घरीच करा. दाब किती द्यायचा हे आधी शिकून घ्या. घरातल्या छोट्या वजनकाट्यावर बोट दाबा आणि काटा १ किलोवर येईल तेवढा जोर लक्षात ठेवा. मग दात सुटे ठेवून कानशिलाचा पुढचा, मधला आणि मागचा भाग एकेक करून तेवढ्याच जोराने पाच-पाच सेकंद दाबा. नंतर गालावर, दात दाबल्यावर फुगतो तो जाड स्नायू (त्याला मॅसेटर म्हणतात) तसाच दाबून पाहा. इथे 'दुखलं का' हा प्रश्न विचारायचा नाही, कारण एवढ्या जोराने दाबल्यावर थोडं कुणालाही दुखेल. प्रश्न असा विचारायचा: 'हीच का माझी सकाळची डोकेदुखी?' ओळखीचं दुखणं बोटाखाली उमटलं तर ती एक खूण. दुसरी खूण जबड्याच्या हालचालीची. खूप वेळ चावल्यावर, मोठी जांभई दिल्यावर, दात दाबून बसल्यावर कानशिलांचं दुखणं वाढतं का, बदलतं का? डॉक्टर जबड्यामुळे होणाऱ्या डोकेदुखीचं निदान करतात तेही मुख्यतः याच दोन गोष्टींवर.

दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं तर कारण जबड्याबाहेर शोधायला हवं, दाढा कितीही झिजलेल्या असोत. आणि दोन्ही 'हो' आली तरी एक शक्यता उघडी ठेवा. मायग्रेन असलेल्यांचीही कानशिलं दाबल्यावर हुळहुळतात. दुखणं ठसठसणारं असेल, एका बाजूला जास्त असेल, मळमळ आणि उजेडाचा त्रास सोबत असेल, तर मायग्रेन आणि जबडा ही दोन दुखणी एकत्र नांदत असू शकतात. मग नुसत्या जबड्याच्या उपचाराने अर्धंच काम होतं.

यानंतर दोन आठवडे नोंद ठेवा. जाग आल्यावर, दुपारी आणि निजताना दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. गोळी घेतली तर खूण करा. दिवस कामाचा होता की सुट्टीचा, तेही लिहा. शेवटचा रकाना लोकांना अनावश्यक वाटतो, पण मला सगळ्यात जास्त सांगून जातो तोच. का, ते एका उदाहरणाने सांगते.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, वय ४६. तक्रार तुमच्यासारखीच, सकाळची कानशिलं. आठ महिन्यांपासून त्या रोज गार्ड लावून झोपत होत्या. गार्डवर दातांच्या खुणा ठळक होत्या, म्हणजे तो आपलं काम करत होता, दुखणं मात्र तिथल्या तिथे. त्यांच्या वहीत सकाळचा आकडा ५, दुपारी ३, संध्याकाळी ६ असा दिवसामागून दिवस होता. दोन आठवड्यांत फक्त दोनच सकाळी आकडा १ होता, आणि त्या दोन्ही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी होत्या. रात्री तर सगळ्या सारख्याच, गार्डही तोच. बदलला होता तो आदला दिवस.

मी त्यांना समोर बसवून सुईत दोरा ओवायला सांगितला. ओवता ओवता त्यांचे दोन्ही गाल टचटचीत फुगले, आणि दोरा आत गेल्यावरही फुगलेलेच राहिले. टाचण्या दातांत धरायच्या, दोरा दातांनी तोडायचा आणि बारीक काम आलं की दात मिटून बसायचं, असं तीस वर्षं चाललं होतं. त्यांना स्वतःला यातलं काही जाणवत नव्हतं. 'दिवसा मी दात खात नाही' हे त्या अगदी मनापासून सांगत होत्या.

त्यांना सांगितलं की कात्री खाली ठेवाल तेव्हा प्रत्येक वेळी फक्त पाहा, दात टेकलेले आहेत का. टेकलेले असतील तर खडूने मेजावर एक रेघ. पहिल्या दिवशी ३० वेळा पाहिलं त्यात २१ रेघा निघाल्या. पहिला आठवडा नुसतं मोजलं, सुधारलं काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून रेघ मारायची आणि जबडा सोडायचा. टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची गादी आली. सहाव्या आठवड्यात ३० पैकी ८ रेघा उरल्या, सकाळचा आकडा बहुतेक दिवशी १-२ वर आला, आणि महिन्याला १२ दिवस लागणारी गोळी ३ दिवसांवर आली. गार्ड रात्री चालूच ठेवला, दाढांसाठी.

आदल्या दिवसाचं दुखणं दुसऱ्या सकाळी का निघावं? सवय नसताना खूप जिने चढले की पायऱ्यांवर असताना पाय तितके दुखत नाहीत, दुसऱ्या दिवशी दुखतात. दिवसभर हलक्या जोराने पण अखंड आवळलेला स्नायू रात्री आधीच हुळहुळा झालेला असतो. मग रात्रीचं थोडंसं आवळणंही त्याला पुरतं, जे एरवी त्याने सहज सोसलं असतं. दिवस तुमच्या हातात आहे, म्हणून मी तिथून सुरुवात करायला सांगते.

जेवताना आणि गिळताना दात एकमेकांना भेटतात, तो सगळा वेळ एकत्र केला तर चोवीस तासांत जेमतेम १५-२० मिनिटं भरतो. उरलेला सगळा दिवस वरच्या आणि खालच्या दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटरची फट असायला हवी. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. तोंड मिटलं की दातही मिटले पाहिजेत, असं त्यांना वाटतं. करकचून आवळायची गरजच नसते, दात नुसते टेकलेले असले तरी टेम्पोरॅलिस आणि मॅसेटर कामाला लागलेले असतात. हिशेबाच्या कामात आकड्यावर नजर खिळली की दात टेकतात, आणि बेरीज जुळेपर्यंत तसेच राहतात. म्हणूनच तुम्हाला 'दात आवळता का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येईल. 'या क्षणी टेकलेत का' हा प्रश्न वेगळा आहे.

जबड्याची विश्रांतीची जागा अशी सापडते. 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हिरडीपाशी टेकलेलं असेल आणि मागचे दात सुटे असतील. आता ओठ हलकेच मिटा. जीभ तिथे फक्त टेकवायची, दाबायची नाही, आणि दातांना तिने ढकलायचं नाही. श्वास नाकाने. जागा हरवली तर ओठांतून एक हलकी फुंकर सोडा, जबडा आपोआप खाली येतो.

आठवण करून देणारी गोष्ट तुमच्या कामातलीच निवडा. फोनमधला गजर तीन दिवसांत कानाआड होतो असा माझा अनुभव आहे. नवी फाईल उघडली, फोन वाजला, पाणी प्यायला उठलात, असं दिवसात २५-३० वेळा घडणारं काहीतरी धरा. पहिले सात दिवस फक्त मोजा. लगेच सुधारायला गेलात तर किती वेळा टेकतात हे कळणारच नाही आणि तुलना कशाशी करायची हा प्रश्न राहील. शिवाय सतत जबड्यावर पहारा ठेवणारी माणसं आणखी ताठरतात. एक नजर टाकायची, जबडा सोडायचा, कामाला लागायचं.

सोबत थोडं स्नायूंसाठी. संध्याकाळी कोमट ओल्या टॉवेलने कानशिलं आणि गाल १५-२० मिनिटं शेका. शेक झाल्यावर जीभ टाळ्याला टेकवून, ती न सुटेल इतकंच तोंड सावकाश उघडा आणि मिटा, सहा वेळा. हा व्यायाम दिवसातून सहा वेळा. दोन आठवडे चिवट, कडक काही चावू नका, च्युइंगगम बंद, नखं आणि पेनाची टोपणं तोंडात नकोत. मोठी जांभई येईल तेव्हा हनुवटीखाली मूठ धरा. सहा ते आठ आठवडे नेटाने करूनही वहीतले आकडे हलले नाहीत, तर जबड्याचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. २०२३ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनी सर्वांत ठाम शिफारस केली ती अशाच उपायांची: देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले स्नायूंचे उपचार, आणि सवयी व ताण यांच्यावर काम करणारं समुपदेशन.

मग गार्डचं काय? त्याच सूचनांनी दुखण्यासाठी गार्ड देण्याविरुद्ध कौल दिला आहे, मात्र सौम्य शब्दांत. माझं मत या बाबतीत माझ्याच चुकीतून बनलं आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत झिजलेल्या दाढा आणि दुखणारी कानशिलं दिसली की मी गार्ड देऊन मोकळी होत असे. काही जणांना बरं वाटे. काही जण वर्षाने चावून भोक पडलेला गार्ड घेऊन परत येत, डोकेदुखी जशीच्या तशी. गार्ड दात खाणं थांबवत नाही. सुरुवातीचे काही आठवडे स्नायूंचं काम कमी होतं, मग बहुतेकांचं ते पूर्वपदावर येतं. तो दाढा वाचवतो, आणि तुमच्या दाढा खरंच अजून झिजत असतील तर तेवढ्यासाठीही तो करण्यासारखा आहे.

करायचाच झाला तर कडक अॅक्रिलिकचा, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा, सपाट, आणि डॉक्टरांनी तुमच्या तोंडात बसवून, खालचे दात त्यावर सारखे टेकतील असा जुळवलेला घ्या. मऊ रबरी गार्ड काही जण रात्रभर चघळत बसतात आणि सकाळी जबडा जास्तच थकलेला असतो. फक्त पुढचे दात झाकणारा छोटा गार्ड महिनोन्महिने वापरला तर मागचे दात सरकून चावा बदलू शकतो. गार्ड रात्रीपुरताच. सकाळी काढल्यावर दात वेगळेच जुळतायत असं वाटलं आणि ते थोड्या वेळात मूळपदावर आलं नाही, तर वापर थांबवून दाखवायला जा.

पण गार्डच्या आधी तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी जास्त गांभीर्याने घेते आहे. त्याला दात खाण्याचा आवाज आला नाही, यातून फारसं काही सिद्ध होत नाही, कारण न घासता नुसतं आवळणाऱ्या दातांचा आवाज येतच नाही. घोरणं मात्र त्याने ऐकलं आहे. घोरणं, सकाळी कोरडं तोंड आणि काही तासांत ओसरणारी डोकेदुखी, हे तिन्ही झोपेत श्वास अडकण्याच्या आजारातही दिसतं. त्यातली डोकेदुखी सहसा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी असते आणि उठल्यावर चार तासांच्या आत जाते. तुमच्या सकाळशी हे बरंच जुळतं. नवऱ्याला विचारा, घोरणं मध्येच थांबून मग धापेसारखा श्वास येतो का. दिवसा वाचता वाचता डोळा लागतो का, रात्री लघवीला उठावं लागतं का, रक्तदाब वाढलाय का, हे स्वतः पाहा. यातलं एखादं जरी लागू पडलं तरी झोपेची तपासणी करून घ्या, आणि ती गार्डच्या आधी करा. श्वास अडकणाऱ्या काही लोकांत साध्या गार्डने तो त्रास वाढल्याचं आढळलं आहे.

गोळ्यांचाही हिशेब करू. आठवड्यातून तीन-चार दिवस म्हणजे महिन्याला १३ ते १७ दिवस. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू लागते. कॅफीन किंवा दुसरं औषध मिसळलेल्या गोळीची मर्यादा त्याहून कमी, १० दिवस. तुम्ही उंबरठ्यावर आहात. आपल्या गोळीच्या वेष्टनावर काय काय मिसळलंय ते वाचा, आणि वहीतल्या खुणा घेऊन डॉक्टरांशी बोला. नैराश्य किंवा चिंतेसाठी काही औषध सुरू असेल तर त्याची तारीखही सांगा. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारख्या औषधांनी काहींना दात आवळण्याचा त्रास सुरू होतो. ते औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका. डॉक्टरांना मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं.

उजव्या कानापाशी वाजणाऱ्या 'कट्'ची फार काळजी नको. सांध्यातली कूर्चेसारखी छोटी चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना जागेवर येते, त्याचा तो आवाज. दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही. वाजतंय का हे पुन्हा पुन्हा तोंड उघडून पाहू नका, एवढंच पथ्य. तोंड किती उघडतं ते मात्र आज बघून ठेवा. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी मावली, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर, तर ठीक आहे. एखाद्या दिवशी आवाज एकदम गेला आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तर चकती अडकली आहे. तेव्हा काही दिवसांच्या आत दाखवा, थांबून राहू नका.

तुमचं पत्र वाचून ज्यांना आपली कानशिलं आठवली असतील आणि ज्यांचं वय ५० च्या पुढे आहे, त्यांच्यासाठी यातलं काहीही करण्याआधीची एक गोष्ट. कानशिलाचं दुखणं नव्याने सुरू झालं असेल, केस विंचरताना टाळू हुळहुळत असेल, आणि घास चावायला लागल्यावर थोड्याच वेळात जबडा थकून दुखायला लागतो, थांबलं की सुटतो, पुन्हा चावलं की पुन्हा दुखतो, असं होत असेल, तर ते दात आवळण्याचं दुखणं नसून कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. आवळलेल्या स्नायूचं दुखणं घास थांबवला म्हणून असं पटकन जात नाही, रेंगाळतं. सोबत ताप, वजन घटणं, क्षणभर अंधारी येणं किंवा एकाचे दोन दिसणं असेल तर संशय आणखी बळावतो. या आजारात उपचाराविना नजर कायमची जाऊ शकते, आणि वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडने ती वाचवता येते. दंतवैद्याची वेळ घेण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी फिजिशियनकडे किंवा इमर्जन्सी विभागात जाऊन 'चावताना जबडा थकतो' हे शब्द आधी सांगा, आणि ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्यांबद्दल विचारा.